पुलर आणि एक्स्ट्रॅक्टरसाठी एक मागणीपत्र

शाळेच्या कार्यशाळेत नवे हत्यार घ्यायचे असेल तर पहिली पायरी म्हणजे शिक्षकाने प्राचार्यांना लिहायचे मागणीपत्र. हे पत्र सहसा एका पानाचे असते. बेअरिंग काढण्याचा पुलर संच आणि तुटलेले बोल्ट काढण्याचा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर संच या दोन वस्तूंसाठी ते लिहिताना मात्र थोडी अडचण होते. हातोडी, पाने, करवत या वस्तू काय आहेत हे प्राचार्यांना सांगावे लागत नाही. पुलर आणि एक्स्ट्रॅक्टर बहुतेकांनी पाहिलेले नसतात. शिवाय दोन्ही हत्यारे मापाला फार चोखंदळ आहेत. ‘पुलर संच 1 नग’ एवढेच लिहिले तर दुकानदार त्याच्याकडे असेल तो पुलर देतो आणि तो कपाटात पडून राहतो. म्हणून पत्राची भाषा ठरवण्याआधी ही हत्यारे काय करतात आणि कुठे अडतात, हे पाहणे भाग आहे.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला द्विलक्ष्यी व्यावसायिक विषय घेता येतात. त्यात यांत्रिक देखभाल आणि स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती हे विषयही आहेत. असा विषय शिकवणारे एखादे उच्च माध्यमिक विद्यालय डोळ्यांसमोर आणावे. कार्यशाळेत बांकावर बसवलेला 150 मिलिमीटर चाकाचा ग्राइंडर आहे, एक खांबी ड्रिल मशीन आहे. ग्राइंडर सुरू केला की घरघर येते, बंद केल्यावर चाक हाताने फिरवले तर दाणेदार लागते, म्हणजे बेअरिंग गेले आहे. ड्रिल मशीनची मोटर ज्या बोल्टांनी बसवली आहे त्यांपैकी एक 10 मिलिमीटरचा बोल्ट आवळताना डोक्याखाली तुटला आणि त्याचा तुकडा बिडाच्या भोकात राहिला. दोन्ही मशीन बंद आहेत. शिक्षकाचे पत्र या दोन दुरुस्त्यांसाठी आहे.

आधी बेअरिंग. ग्राइंडरच्या शाफ्टवर ते दाबून बसवलेले असते, सैल नसते. बेअरिंगची आतली कडी शाफ्टला घट्ट धरते, बाहेरची कडी झाकणातील घरात बसते आणि दोन्हींच्या मध्ये गोळ्या फिरतात. काढताना जोर आतल्या कडीवर पडला पाहिजे, कारण शाफ्टला तीच चिकटलेली आहे. जोर बाहेरच्या कडीवर लावला तर तो गोळ्यांमधून आतल्या कडीकडे जातो. गोळी आणि कडी यांचा स्पर्श अगदी लहानशा ठिपक्याएवढा असल्याने तिथे खळगे पडतात. असे बेअरिंग पुन्हा बसवले तर पहिल्या दिवसापासून आवाज करते. हातोडीने ठोकून काढणे म्हणजे हाच प्रकार, आणि वर शाफ्ट वाकण्याची किंवा त्याच्या टोकाचे आटे मरण्याची भीती.

पुलरची कल्पना सोपी आहे. दोन किंवा तीन जबडे बेअरिंगच्या मागे अडकतात, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकतो, आणि स्क्रू आवळला की जबडे बेअरिंगला सरळ रेषेत आपल्याकडे ओढतात. जोर किती मिळतो हे ढोबळ हिशेबाने काढता येते. 200 मिलिमीटर लांबीच्या पान्यावर माणसाने साधारण 20 किलोचा जोर लावला, तर 16 मिलिमीटर जाडीच्या स्क्रूमधून बेअरिंगवर सव्वा टनाच्या आसपास ओढ बसते. आट्यांना तेल किंवा ग्रीस आहे की नाही यावर हा आकडा वरखाली होतो, पण एवढी ओढ असल्यावर हातोडीची गरज उरत नाही. हाच आकडा हेही सांगतो की कच्च्या लोखंडाचे स्वस्त जबडे का फाकतात. फाकलेला जबडा बेअरिंगवरून सटकतो आणि उडतो. म्हणून पुलर लावताना चष्मा हवा, जबड्यांभोवती जाड फडके गुंडाळलेले असावे आणि शाफ्टच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

माप ठरवण्यात खरी गोम आहे. बाजारात पुलर तीन इंची, चार इंची, सहा इंची या नावांनी मिळतात. हे माप बहुतेक वेळा जबडे किती फाकतात याचे असते, किती लांब पोहोचतात याचे नव्हे. समजा ग्राइंडरच्या बेअरिंगवर 6203 हा क्रमांक कोरलेला आहे. या क्रमांकाचे बेअरिंग जगात कुठेही 17 मिलिमीटर भोकाचे, 40 मिलिमीटर बाहेरील व्यासाचे आणि 12 मिलिमीटर जाडीचे असते. चाळीस मिलिमीटर म्हणजे दीड इंचाच्या आसपास, तेव्हा तीन इंची पुलर भरपूर झाला असे वाटते. पण ग्राइंडरचा शाफ्ट बेअरिंगच्या पुढे बराच बाहेर आलेला असतो, कारण त्यावर चाक, वॉशर आणि नट बसायचे असतात. बेअरिंगच्या मागच्या कडेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत 90 मिलिमीटर भरले, तर लहान पुलरचे जबडे तिथवर जातच नाहीत. पोहोच मिळवण्यासाठी सहा इंची पुलर घ्यावा लागतो आणि मग दुसरी अडचण येते. मोठ्या पुलरचे जबडे जाड असतात. बेअरिंग आणि शाफ्टवरील पायरी यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटरचीच फट असते, तिथे ते शिरत नाहीत.

या अडचणीवर बेअरिंग सेपरेटर नावाची जोडवस्तू मिळते. लोखंडी तबकडीचे दोन अर्धे भाग असतात, त्यांच्या आतल्या कडा पात्यासारख्या पातळ केलेल्या असतात. हे दोन भाग बेअरिंगच्या मागे दोन बाजूंनी सरकवून बोल्टांनी एकमेकांकडे आवळले की ती धार फटीत शिरते आणि मागे पक्का आधार तयार होतो. पुलर मग बेअरिंगला न धरता सेपरेटरला धरतो. शाळांच्या मागण्यांत ही वस्तू सहसा नसते, पण अशा अरुंद जागी तीच काम साधते.

एक सवलत मात्र आहे. जुने बेअरिंग टाकूनच द्यायचे असेल तर ते बाहेरच्या कडीला धरून ओढले तरी बिघडत नाही. फक्त आतली कडी फारच घट्ट बसलेली असेल तर बेअरिंग फुटून बाहेरचा भाग हातात येतो आणि कडी शाफ्टवरच राहते. मग ती ग्राइंडरने अलगद घासून छिन्नीने तडकवावी लागते, आणि आपल्या उदाहरणात ग्राइंडरच बंद आहे!

मधल्या स्क्रूचे टोक शाफ्टच्या टोकावर कसे टेकते हेही महत्त्वाचे आहे. शाफ्टच्या तोंडाशी लेथवर केलेला छोटा मध्यबिंदू असेल तर स्क्रूचे टोक त्यात बरोबर बसते. नसेल तर मध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा तुकडा ठेवावा, नाहीतर टोकाचे आटे दबतात. ग्राइंडर उघडताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डाव्या बाजूच्या चाकाचा नट उलट्या आट्याचा असतो, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला विद्यार्थी नट सोडवतो आहे असे समजून आवळत जातो, आणि मग शाफ्टचे आटेच मरतात.

मोटारसायकल शिकवणाऱ्या शाळेत एक गैरसमज हमखास होतो. इंजिनावरचा मॅग्नेटो काढायला लागणारे हत्यार गॅरेजमध्ये मॅग्नेट पुलर म्हणून ओळखले जाते, पण ते जबड्यांचे नसते. मॅग्नेटोच्या मधोमध असलेल्या आट्यांत ते फिरवून बसवायचे असते, आणि त्या आट्यांचे माप गाडीच्या मॉडेलप्रमाणे बदलते. जबड्यांच्या पुलरने मॅग्नेटोची कड धरून ओढली तर ती वाकते आणि चुंबक सैल होतात. तेव्हा पत्रात ‘पुलर’ एवढेच असेल तर पुरवठादार कोणता देईल याचा नेम नाही. मॅग्नेट पुलर हवा असेल तर मॉडेलच्या नावासह वेगळी ओळ लिहावी लागते.

आता तुटलेला बोल्ट. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर, बाजाराच्या बोलीत ईझी-आउट, हा निमुळत्या आकाराचा टणक पोलादी दांडा असतो आणि त्यावर उलट्या दिशेचे पीळ असतात. तुटलेल्या बोल्टच्या मध्यावर भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर त्यात घालून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की पीळ भोकात रुतत जातात, आणि रुतल्यावर बोल्टही त्याच दिशेने, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, फिरू लागतो. पाच किंवा सहा आकारांचा संच मिळतो. साधारणपणे पहिल्या क्रमांकाचा 3 ते 6 मिलिमीटर बोल्टसाठी, दुसरा 6 ते 8 साठी, तिसरा 8 ते 11 साठी, चौथा 11 ते 14 साठी आणि पाचवा 14 ते 18 साठी असतो. भोक किती मिलिमीटरचे पाडायचे हे संचाच्या डबीवर छापलेले असते. तिसऱ्या क्रमांकाला ते सुमारे 4 मिलिमीटर असते.

ड्रिल मशीनच्या 10 मिलिमीटर बोल्टसाठी तिसरा क्रमांक लागतो. कामाची सुरुवात आदल्या दिवशी होते. तुकड्यावर गंज सोडवणारे पातळ तेल टाकून रात्रभर मुरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी तुटलेला पृष्ठभाग कानशीने शक्य तेवढा सपाट करून बरोबर मध्यावर पंचची खूण करायची. येथे मिलिमीटरभर चूक झाली तरी भोक एका बाजूला सरकते आणि बिडाच्या आट्यांना लागते. नंतर आधी बारीक, मग 4 मिलिमीटरचे ड्रिल लावून 12 ते 15 मिलिमीटर खोल भोक पाडायचे. एक्स्ट्रॅक्टर हातोडीच्या हलक्या टोल्याने बसवून त्यावर टॅप हँडल चढवायचे. पाना लावायचा नाही, कारण पान्याचा जोर एका बाजूने येतो, दांडा वाकतो आणि मोडतो. टॅप हँडलला दोन्ही हातांनी सारखा जोर देता येतो. फिरवताना हाताला दोन प्रकारचे जाणवते. बोल्ट सुटला तर कुठेतरी एकदम ढिलेपणा येतो आणि मग सरळ फिरत राहते. दांडा नुसता पिळला जात असेल तर हँडल सोडताच ते थोडे मागे येते. तसे मागे आले की थांबायचे आणि पुन्हा तेल, थोडी उष्णता, थोडी वाट पाहायची.

हे का, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण एक्स्ट्रॅक्टरची मर्यादा त्यातच आहे. दांड्याची पिळ सहन करण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. दहा मिलिमीटर बोल्टचा आट्यांच्या तळाशी गाभा साधारण 8 मिलिमीटरचा असतो. त्यातल्या भोकात शिरणारा एक्स्ट्रॅक्टर 4-5 मिलिमीटरचा. त्याचे पोलाद कितीही चांगले असले तरी व्यासामुळे त्याची ताकद बोल्टच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास येते. आता बोल्ट गंजून जाम झाला असेल आणि तो सोडवतानाच पिळून तुटला असेल, तर 8 मिलिमीटरच्या गाभ्याने जे जमले नाही ते 5 मिलिमीटरचा दांडा करू शकत नाही. तो मोडेल. शिवाय निमुळता असल्याने तो पाचरीसारखा तुकड्याला आतून फुगवतो आणि भोकात आणखी घट्ट करतो.

याउलट बोल्ट जास्त आवळल्याने डोके तुटले असेल तर काम बहुधा सोपे असते. डोके उडताच बोल्टमधला ताण संपतो आणि खालचा तुकडा आट्यांत जवळजवळ मोकळाच असतो. एखाद्या वेळी तो पंचच्या टोकाने कडेला ढकलूनही फिरतो. आपल्या उदाहरणातला बोल्ट आवळताना तुटला, म्हणून एक्स्ट्रॅक्टर येथे योग्य आहे. तुटलेला पृष्ठभाग पाहूनही अंदाज येतो. पिळून तुटलेल्या बोल्टवर गोलाकार ओरखडे दिसतात. कंपनाने हळूहळू तुटलेल्या बोल्टवर सपाट, गुळगुळीत भाग आणि त्याच्या कडेला खरखरीत भाग दिसतो, आणि असा तुकडाही सहसा मोकळा असतो.

भोक पाडण्याआधी एक सोपी युक्ती आहे, ती पुस्तकांपेक्षा गॅरेजमध्ये जास्त चालते. उलट्या फिरकीचे ड्रिल वापरायचे आणि मशीनही उलट फिरवायचे. भोक पडतानाच ड्रिल बोल्टला सुटण्याच्या दिशेने ढकलते, आणि मोकळा तुकडा अनेकदा ड्रिलबरोबरच बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टरची वेळच येत नाही. म्हणून उलट्या फिरकीची पाच ड्रिल मागणीपत्रात घालणे शहाणपणाचे.

आत मोडलेला एक्स्ट्रॅक्टर ही बोल्टपेक्षा मोठी आपत्ती आहे. तो इतका कडक असतो की साधे हायस्पीड ड्रिल त्यावर घसरते. मग कार्बाइडचे ड्रिल किंवा ठिणग्यांनी धातू झिजवणारे स्पार्क इरोजन मशीन लागते, आणि शाळेत यापैकी काहीच नसते. एक्स्ट्रॅक्टरने काम होत नाही असे दिसले तर वेळीच थांबून दुसरा मार्ग घ्यावा. भोक हळूहळू 8.5 मिलिमीटरपर्यंत मोठे करायचे. 10 मिलिमीटर आट्यांसाठी टॅपआधीच्या भोकाचे माप तेच आहे. भोक मध्यावर असेल तर बोल्टचा फक्त आट्यांचा पातळ वेटोळा राहतो. तो सुईसारख्या टोकाने ओढून काढता येतो आणि टॅप फिरवून जुने आटे साफ करता येतात.

या सगळ्यावरून पत्रात काय लिहायचे हे ठरते. पुलरसाठी बेअरिंगचा क्रमांक, बाहेरील व्यास आणि शाफ्टच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून लिहायचे. एक्स्ट्रॅक्टरबरोबर ड्रिल, तेल आणि टॅप हँडल आहेत की नाहीत ते तपासायचे, नाहीतर संच येऊनही काम होणार नाही. नग ठरवतानाही दोन वस्तूंत फरक आहे. पुलर वर्षानुवर्षे टिकतो, एक संच पुरे. एक्स्ट्रॅक्टर शिकणाऱ्या मुलांच्या हातून मोडणारच, म्हणून दोन संच. कार्यालयीन नोंदीतही हाच फरक येतो. पुलर आणि सेपरेटर डेडस्टॉक रजिस्टरवर चढतात, ड्रिल आणि तेल उपभोग्य साहित्यात जातात. एक्स्ट्रॅक्टर कुठे नोंदवायचा याबद्दल लेखापाल आणि शिक्षक यांच्यात थोडा वाद होतो, आणि तो खरेदीआधी मिटवलेला बरा.

असे पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल. त्यातील रकमा उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षात त्या दरपत्रकांवरून भराव्या.

‘प्रति,
मा. प्राचार्य,
(विद्यालयाचे नाव व गाव)
मा. पर्यवेक्षक यांच्यामार्फत

विषय : कार्यशाळेसाठी बेअरिंग पुलर संच व स्क्रू एक्स्ट्रॅक्टर संच खरेदी करण्यास मान्यता मिळणेबाबत.

महोदय,

कार्यशाळेतील बेंच ग्राइंडर बेअरिंग खराब झाल्याने व खांबी ड्रिल मशीन मोटरचा एक बोल्ट तुटल्याने बंद आहे. यांत्रिक देखभाल विषयाच्या अकरावी व बारावीच्या विद्यार्थ्यांची या दोन मशीनवरील प्रात्यक्षिके थांबली आहेत.

ग्राइंडरचे बेअरिंग 6203 क्रमांकाचे असून बेअरिंगच्या मागील कडेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतचे अंतर 90 मिमी आहे. ते ठोकून काढल्यास शाफ्टचे नुकसान होईल. ड्रिल मशीनमध्ये 10 मिमी व्यासाचा बोल्ट बिडाच्या भोकात तुटला आहे. आवश्यक साहित्य सध्या कार्यशाळेत नाही. टॅप हँडल उपलब्ध आहे. तरी पुढील साहित्य खरेदी करण्यास मान्यता द्यावी, ही विनंती.

1. तीन जबड्यांचा पुलर, 3 इंची, 1 नग, अंदाजे रु. 550.
2. तीन जबड्यांचा पुलर, जबड्यांची पोहोच किमान 100 मिमी, 6 इंची, जबडे घडवलेल्या पोलादाचे, 1 नग, अंदाजे रु. 1,600.
3. बेअरिंग सेपरेटर, 30 ते 50 मिमी व्यासाच्या बेअरिंगसाठी, 1 नग, अंदाजे रु. 1,900.
4. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर संच, क्र. 1 ते 5, 2 संच, अंदाजे रु. 900.
5. उलट्या फिरकीची ड्रिल, 3 ते 8 मिमी, 5 नगांचा संच, अंदाजे रु. 750.
6. गंज सोडवणारे तेल, अंदाजे रु. 300.

एकूण अंदाजे रु. 6,000. दुरुस्ती विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून कार्यशाळेतच केली जाईल. साहित्य प्राप्त झाल्यावर त्याची नोंद घेऊन त्याची जबाबदारी अधोस्वाक्षरीकार स्वीकारेल. तीन दरपत्रके व दोन्ही मशीनची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
(सही)
कार्यशाळा शिक्षक’

या पत्रात काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. कंपनीचे नाव नाही. शाळेच्या खरेदीत एकच कंपनी नोंदवली तर दरपत्रकांची तुलना निरर्थक होते, आणि लेखापरीक्षणात तोच प्रश्न विचारला जातो. त्याऐवजी ‘घडवलेल्या पोलादाचे’ आणि ‘पोहोच किमान 100 मिमी’ असे गुण लिहिले आहेत. हलका माल तिथेच गळतो. तीन इंची पुलर ग्राइंडरला उपयोगी नाही, मग तो का, असा प्रश्न पर्यवेक्षक विचारू शकतात. लहान मोटारींच्या 6202 बेअरिंगसाठी सहा इंची पुलर बोजड होतो, हे उत्तर शिक्षकाने तयार ठेवावे.

प्राचार्यांची सर्वांत रास्त शंका अशी असते की दोन दुरुस्त्यांसाठी सहा हजार रुपये कशाला, बाहेरच्या मेकॅनिककडून करून घ्या. शिक्षकाने यावर रागावण्याचे कारण नाही. बाहेर दुरुस्तीचा दर विचारून तो आकडा पत्राला जोडावा. एका वेळेपुरते बाहेरचे काम बहुधा स्वस्तच पडते. पण देखभाल शिकवणाऱ्या कार्यशाळेत बेअरिंग पुन्हापुन्हा जातात आणि बोल्ट पुन्हापुन्हा तुटतात, कारण शिकणारा हात पाना कुठवर आवळायचा हे चुकूनच शिकतो. बेअरिंग बदलणे हा विषयाचाच भाग असेल तर तो विद्यार्थ्यांसमोर झाला पाहिजे. पत्रातले ‘प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून’ हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे आहेत.

प्राचार्यांनी मान्यता दिली की पत्रावर शेरा येतो, खर्च कोणत्या निधीतून करायचा हे ठरते आणि पत्र लेखापालाकडे जाते. अनुदानित शाळेत वेतनेतर अनुदानातून किंवा संस्थेच्या निधीतून हा खर्च बसवता येतो का, हे लेखापाल पाहतो. किती रकमेपर्यंत दरपत्रकांशिवाय खरेदी करता येते याच्या मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून रक्कम लहान असली तरी तीन दरपत्रके जोडणे सोयीचे पडते. दरपत्रके मागवताना तिन्ही दुकानांना वरची मापे शब्दशः द्यावीत. एकाने चार इंची आणि दुसऱ्याने सहा इंची पुलरचा भाव दिला तर कमी भावाच्या नावाखाली चुकीची वस्तू येते, आणि ही चूक कागदावर दिसत नाही.

वस्तू आल्यावर बिलावर सही करण्याआधी पाच-दहा मिनिटांची तपासणी पुरते. पुलरचा मधला स्क्रू हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहावा, मध्येच अडकला तर आटे नीट कापलेले नाहीत. तिन्ही जबडे सारखे उघडतात का आणि त्यांची टोके एका पातळीत येतात का ते सपाट फरशीवर ठेवून कळते. पोहोच पट्टीने मोजावी, डबीवरील आकड्यावर विसंबू नये. एक्स्ट्रॅक्टरच्या दांड्यावर कानस हळूच घासली असता ती घसरली पाहिजे. कानस लागली तर दांडा मऊ आहे, आणि असा दांडा बोल्टमध्ये जाताच पीळ गुळगुळीत होतात. सेपरेटरच्या दोन भागांच्या धारा बंद केल्यावर समोरासमोर येतात की नाही हेही पाहावे.

एक्स्ट्रॅक्टर मशीनवर लावण्याआधी टाकाऊ तुकड्यावर सराव करणे आवश्यक आहे. जाड लोखंडी पट्टीत 8.5 मिलिमीटरचे भोक पाडून, त्यात 10 मिलिमीटरचे आटे करून, बोल्ट आवळून डोके करवतीने कापले की तुटलेला बोल्ट तयार होतो. असा सराव प्रत्येक गटाने करून मगच ड्रिल मशीनकडे जावे. पहिला एक्स्ट्रॅक्टर बहुधा याच पट्टीत मोडतो. तिथे तो मोडला तर पट्टी टाकून देता येते, मशीनचा सांगाडा टाकता येत नाही. दुसरा संच मागण्याचे कारण हेच होते.

ग्राइंडरचे नवे बेअरिंग बसवताना पुलरचा उपयोग नसतो. आतल्या कडीच्या मापाची नळी घेऊन ती कडीवर टेकवायची आणि नळीच्या दुसऱ्या टोकावर हलके टोले द्यायचे, म्हणजे जोर पुन्हा आतल्या कडीवरच राहतो. दुरुस्ती झाल्यावर कार्यशाळेच्या नोंदवहीत बेअरिंगचा क्रमांक, तारीख आणि मशीन लिहून ठेवले की पुढच्या मागणीपत्रासाठी मापे पुन्हा घ्यावी लागत नाहीत. पुलर संच डेडस्टॉक रजिस्टरवर चढतो, त्याचा क्रमांक डबीवर रंगाने लिहिला जातो. जबड्यांना आणि स्क्रूला तेल लावून डबी हत्यारांच्या कपाटात ठेवली, मोडलेल्या एक्स्ट्रॅक्टरची उपभोग्य साहित्यात घट दाखवली आणि बिलाची प्रत लेखापालाकडे दिली, की या मागणीपत्राची फाईल बंद होते.